पाच खरी, नऊ खोटी

सावित्रम्माला लोक 'टोचणारी बाई' म्हणत. तिचा नवरा मल्लप्पा निजामाच्या अमलात देवी टोचायचं काम करायचा. तो विषमज्वरानं गेला, आणि पुढच्याच हंगामात आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर गुरुपादय्या तिच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "सावित्रम्मा, बाया पुरुषापुढं दंड उघडा करत न्हाईत. मल्लप्पासंगं तुम्ही हिंडलात, हात बसलाय तुमचा. हंगामापुरतं या."

हंगाम म्हणजे माघापासून वैशाखापर्यंत. देवीची साथ त्याच दिवसांत पसरायची. अशी तिनं दोन वर्षं हंगामी कामं केली. पोलीस ॲक्शन होऊन गेली होती, कचेऱ्यांतली उर्दू हळूहळू मागं पडत होती, पण खटकचिंचोळी गावच्या गल्लीत काही फरक पडला नव्हता. अम्मा पूर्वी यायची तशीच यायची. आमच्याकडं मराठी माणसंही देवीला अम्मा म्हणत, कानडी शेजाराचा तो गुण.

अम्मा घरात आली की दाराला लिंबाचा डहाळा टांगायचा. तो दिसला की परका माणूस उंबरा ओलांडत नसे. भिकारीसुद्धा पुढच्या दाराला जायचा. आत रोगी लिंबाच्या पाल्यावर निजलेला असायचा. घरातल्या बाया केस विंचरत नसत, चुलीवर तेल तापवत नसत. फोडणी तर अजिबात नाही. फोडणीच्या वासानं अम्मा भडकते म्हणत. पंधरा दिवस सगळं घर मीठ घालून उकडलेलं खायचं.

आता कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या वर्षी, म्हणजे एकावन्न सालच्या चैत्रात, गावानं याच डहाळ्याचा कुलपासारखा उपयोग केला. टोचणारी बाई उद्या गल्लीत फिरणार असं कळलं आणि सकाळी चौदा दारांवर लिंब लागला.

गुरुपादय्या चावडीपुढं डोक्याला हात लावून बसले. "चौदा! काल चार होती. बाकीच्या ठिकाणी अम्मा काय रात्रीच्या मोटारीनं आली? पण आत जाता येत न्हाई. एक जरी खरी निघाली तर गाव दगड मारंल."

सावित्रम्मा उठली. लशीच्या बारीक काचेच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या लोटक्यात ठेवलेल्या होत्या. ते लोटकं काखेत घेऊन ती सकाळच्या स्वैपाकाच्या वेळी गल्लीतून नुसती चालत गेली. पहिल्या दारापाशी थांबली. नाक वर केलं. आणि मोठ्यानं म्हणाली, "गंगव्वा, अम्मा आली म्हणं तुमच्यात?"

"व्हय गं बाई. लेकरू पडून हाय."

"आन लसणाची फोडणी कुणाला दिलीस? अम्माला लसूण कवापासून चालाय लागला?"

शेजारच्या ओट्यावरच्या बाया फस्सकन हसल्या. गंगव्वा पदर तोंडाला लावून मागं सरली. सावित्रम्मा आत गेली तेव्हा पडून असलेलं लेकरू उतरंडीमागं बसून गूळ खात होतं. तिनं त्याचा दंड साबणाच्या पाण्यानं धुतला, लशीचा थेंब ठेवला, आणि खाली बारीक दातांची चक्री असलेलं हत्यार त्याच्यावर टेकवून फिरवलं. लेकरानं गल्ली डोक्यावर घेतली. तिनं त्याच्या राहिलेल्या गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला आणि वहीत नाव लिहिलं.

अशी नऊ घरं झाली. कुठं लसूण, कुठं कांदा, एका घरात तर भज्यांचा घाणा. जिथं वास नव्हता, तिथं ती बाहेरूनच हात जोडून पुढं गेली. अशी घरं चार होती, आणि त्या चारी घरांत खरोखर माणसं निजलेली होती.

चौदावं घर चंद्रभागेचं.

चंद्रभागाबाई आप्पाराव शेतकऱ्याची बायको. मल्लप्पा गेला तेव्हा महिनाभर सावित्रम्माच्या घरात चूल धड पेटली नव्हती, आणि महिनाभर भाकरी चंद्रभागेच्या घरून आली होती. लेक हेमावती तेव्हा सात वर्षांची. तिची वेणीसुद्धा चंद्रभागाच घालायची. जात वेगळी, घर वेगळं, पण गावात दोघींना लोक जुळ्या म्हणत.

चंद्रभागा उंबऱ्यात उभी होती, दोन्ही हात चौकटीला. डोक्यावर लिंबाचा डहाळा. आणि तिच्या पाठीमागून लसणाच्या फोडणीचा घमघमीत वास येत होता.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

सावित्रम्माला ठाऊक होतं, कामून. तीन वर्षांमागं चंद्रभागेची थोरली पोर टोचल्यावर आठव्या दिवशी तापानं फणफणली आणि गेली. ताप कशाचा होता कुणी सांगावं, हिवतापाचे दिवस होते. टोचणारा मल्लप्पाच होता. चंद्रभागेनं त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पण आता राघू होता, तीन वर्षांचा, एकुलता एक, आणि ती उंबऱ्यात अशी उभी होती की तिला बाजूला करायचं तर हात धरून ढकलावं लागलं असतं.

"अम्मा आलीय, सावित्राक्का," चंद्रभागा हळू म्हणाली.

आतून राघूचा आवाज येत होता. तो भोवऱ्याशी खेळत होता.

सावित्रम्मानं हात जोडले. "बरं," म्हणाली, आणि पुढं गेली. वहीत लिहिलं : घरात देवी. मनाशी म्हणाली, आठ दिवसांनी दंडांवर फोड उठला का, लस लागली का, बघायला यायचंच आहे. तोवर हिचं मन निवंल. लशीची एक नळी मी राखून ठेवीन.

नळी तिनं खरंच राखली. आठ दिवसांनी ती सगळ्या दंडांवरचे फोड बघत बघत त्या दारापाशी आली. दाराला कुलूप होतं. चंद्रभागा लेकराला घेऊन कमलनगरला माहेरी लग्नाला गेली होती.

ती परत आली तेव्हा राघूच्या अंगात ताप होता. चौथ्या दिवशी अंगभर पुरळ आलं. आप्पारावनं दाराला लिंबाचा नवा डहाळा बांधला. जुना वाळून तिथंच लोंबत होता. वैशाखात, अमावास्येच्या आदल्या दिवशी, राघू गेला.

सावित्रम्मा मातीला गेली होती. चंद्रभागा तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "माझ्याच हातानं झालं गं." सावित्रम्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, आता बोलावं. पण तोंड उघडलं नाही, आणि तसे दिवस गेले.

आषाढात तालुक्याहून निरोप आला. गुरुपादय्यांनी बोलावलं होतं.

ते दवाखान्याच्या पडवीत टेबल मांडून बसले होते. समोर वही, शेजारी दौत. आज ते खुशीत होते.

"बसा, सावित्रम्मा. जिल्ह्याच्या डॉक्टरसाहेबांनी तुमच्या नावानं कौतुकाचं पत्र द्यायचं ठरवलंय. मसुदा माझ्याकडं. साहेब म्हणाले, 'काम समाधानकारक' असली पत्रं लिहू नका, ती फायलीत कुजतात. बाईनं काय केलं, कुठं केलं, कसं केलं, नेमकं लिहा. वाचणाऱ्याला तिथं उभं राहून बघितल्यागत वाटलं पाहिजे."

"माझ्यासारखीला कशाला पत्र, अय्या?"

"अवं, कशाला म्हणजे? ह्याच्यावर पक्की नोकरी हाय. तालुक्याला टोचणाऱ्या बाईची एक कायम जागा निघालीय. पत्राची एक नक्कल हैदराबादला जाईल, एक तुमच्या फायलीला लागंल. शेवटच्या ओळीत शिफारस. मग राहायला खोली, हेमावतीला इथल्या शाळेत घाला. हंगामापुरती वाट बघत बसायला नको."

हेमावती आता नऊ वर्षांची झाली होती. गावच्या शाळेत चौथीपुढं काही नव्हतं. सावित्रम्मानं पदर सावरला आणि ती खाली बसली.

गुरुपादय्या वही उलगडून बोटानं ओळी मोजू लागले. "लिंब लावलेली दारं चौदा. त्यात खरी पाच, खोटी नऊ. फोडणीच्या वासावरनं खोटी ओळखली, आत शिरून एकतीस लेकरं टोचली. खऱ्या पाच घरांना धक्का लावला न्हाई. त्यातल्या एका घरचं लेकरू पुढं गेलंच, आप्पारावाचं. म्हणजे तुमची पारख चुकली न्हाई. बरोबर ना?"

पडवीबाहेर मस्तान चपराशी कुत्र्याला हाकलत होता. सावित्रम्मा त्याच्याकडं बघत राहिली.

"पाच खरी, नऊ खोटी," गुरुपादय्या पुन्हा म्हणाले. "बरोबर?"

"व्हय," ती म्हणाली.

नागपंचमीच्या आधी दोन दिवस डॉक्टरसाहेब जीपनं गावात आले. चावडीपुढं सतरंजी टाकली होती. बायांनी मुद्दाम यावं असं गुरुपादय्यांनी दवंडी देऊन सांगितलं होतं. पुढच्या हंगामात कुणी लिंब लावू नये हाही त्यात डाव होता. पत्र इंग्रजीत होतं. साहेबांनी ते तिच्या हाती दिलं आणि गुरुपादय्यांनी त्याचा मराठी तर्जुमा उभं राहून वाचला.

"श्रीमती सावित्रम्मा, मल्लप्पा यांच्या पत्नी, हंगामी मदतनीस, यांस. गेल्या चैत्रात खटकचिंचोळी इथे लोकांनी देवीची खूण म्हणून चौदा घरांवर लिंब लावला होता. अशा घरात शिरणं रूढीनं वर्ज्य आहे. देवी असलेल्या घरात फोडणी देत नाहीत, ही गोष्ट तुम्ही ध्यानात घेतलीत. स्वैपाकाच्या वेळी प्रत्येक दारापुढून चालत जाऊन, वासावरून, तुम्ही नऊ घरं खोटी आणि पाच खरी असल्याचं ओळखलंत. नऊ घरांतल्या एकतीस मुलांना लस दिलीत. त्यांतल्या एकालाही देवी आली नाही. जी पाच घरं खरोखर पीडित होती, त्यांच्या श्रद्धेला तुम्ही धक्का लावला नाहीत. तुमच्या परीक्षेत एकही चूक झाली नाही. ही युक्ती कुणी तुम्हाला शिकवली नव्हती. इतर गावांच्या टोचणाऱ्यांना ती शिकवण्यात येत आहे. आपणास कायम जागेवर घ्यावे अशी मी शिफारस करीत आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गंगव्वा ओरडली, "माझ्या लसणाचं नाव न्हाई व्हय त्यात?" आणि साहेबसुद्धा हसले.

सावित्रम्मानं वर बघितलं. बायांच्या पाठीमागं, चावडीच्या भिंतीला टेकून चंद्रभागा उभी होती. ती हसत नव्हती. ती टाळ्याही वाजवत नव्हती. तिचे ओठ हलत होते, जणू ऐकलेली घरं मनाशी मोजत होती. मग ती वळली आणि घराकडं चालू लागली.

दिवे लागायच्या वेळी ती सावित्रम्माच्या दारात आली. आत आली नाही. हेमावती "काकी" म्हणत धावली तर तिनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जा बाई, गंगव्वाकडं खेळ जरा."

मग ती सावित्रम्माला म्हणाली, "त्या दिशी मी आमटीला फोडणी दिली होती."

सावित्रम्मा उठून दारापाशी आली.

"लसणाची. राघूला आवडायची. मला वाटलं, गल्लीभर फोडण्यांचा घमघमाट, त्यात माझी तुला काय कळतीय, तू दारातनंच जाशील. इतके दिस मला वाटत होतं, मी तुला फसवलं. देवाला फसवलं, तुला फसवलं. रातभर तेच. सावित्राक्कानं इचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, असं." तिचा आवाज अजून चढलेला नव्हता. "वास आला होता का तुला?"

"आला होता."

"आन भोवऱ्याचा आवाज?"

"त्योबी आला होता."

"मग आत कामून आली न्हाईस?"

"तू उंबऱ्यात हुबी होतीस, चंद्रभागा. मला तुझी थोरली आठवली. मल्लप्पाचा हात आठवला. तुला ढकलू कशी?"

"गंगव्वाला हसून ढकललंस की!"

"गंगव्वा माझी कोण हाय?"

चंद्रभागा म्हणाली, "मी परकी असते तर माझं लेकरू जगलं असतं."

सावित्रम्मा म्हणाली, "मी आठ दिसांनी आले होते. नळी राखून ठिवली होती. तुझ्या दाराला कुलूप—"

"व्हय. कुलूप." चंद्रभागेनं डोळे पुसले नाहीत. "त्या कागदात म्हणतेत, एकबी चूक झाली न्हाई. माझ्या राघूला खरं घर म्हणतेत त्यात. पाचवं. त्याला अम्मा नव्हती गं त्या दिशी. त्यो भोवरा फिरवायलता."

ती गेली. सावित्रम्मानं पत्र देवळीत बसवेश्वराच्या तसबिरीमागं ठेवलं होतं. तिनं ते काढलं, आणि इंग्रजी वाचता येत नसतानाही बराच वेळ त्याच्याकडं बघत बसली. कुठल्या ओळीत पाच असेल आणि कुठल्या ओळीत नऊ, तेही तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या मोटारीनं तालुक्याला गेली.

"दुरुस्ती?" गुरुपादय्यांनी चष्मा काढला. "कसली दुरुस्ती?"

"खरी चार. खोटी धा. आप्पारावाचं घर खोटं होतं. मला वास आला होता, मी मुद्दाम गेले न्हाई. वहीत खोटं लिवलं."

त्यांनी पडवीबाहेर कुणी आहे का ते बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सावित्रम्मा, लेकरू तर गेलं. आता चार लिहिलं काय आन पाच लिहिलं काय. वहीशी जुळतंय सगळं."

"जुळत न्हाई, अय्या. तारखा बघा. चैत्रात देवी लिवलीय, पोरगं वैशाखाच्या शेवटाला गेलं. अम्मा पंधरा दिसांत उतरती न्हाईतर नेती. दीड महिना कुठं राहती?"

गुरुपादय्यांनी वही ओढली, बोट ठेवून दोन्ही तारखा बघितल्या, आणि वही मिटली. "कुणी बघणार न्हाई हे."

"बघणारीनं बघितलं."

"पत्राची नक्कल हैदराबादला गेली. एका पत्रातली चूक काढायला दुसरं पत्र लागतं, आन त्याला कारण लागतं. कारण म्हणून तुमचा जबाब. जबाबात तुम्हीच म्हणणार, वहीत खोटं लिहिलं. त्यावर कोण कायम करणार तुम्हाला? हेमावतीचा तरी इचार करा."

"तिचाच करून त्या दिशी 'व्हय' म्हणले होते," सावित्रम्मा म्हणाली. "लिवा."

त्यांनी लिहिलं. लिहिताना दोनदा थांबले. चंद्रभागेनं लिंब मुद्दाम लावला होता हे लिहायचं का, असं त्यांनी विचारलं. "ते लिवू नका," सावित्रम्मा म्हणाली. "दाराला लिंब होता, एवढंच लिवा. कुणी लावला ते कुणाला कळतंय? चूक माझी हाय, तेवढी माझ्या नावावर राहू द्या." मग तिनं खाली सही केली. मराठीत सही करायला तिला मल्लप्पानंच शिकवलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास दुसरं पत्र आलं. या वेळी जीप नव्हती, सतरंजी नव्हती. टपालवाल्यानं ते ओट्यावर टाकलं. चार ओळींचं होतं. मागील पत्रात पाचऐवजी चार घरं वाचावीत. सदर कर्मचारी बाईनं ही बाब स्वतः होऊन कळवली आहे, तिची नोंद घेतली आहे. मूळ पत्र परत पाठवावे. कायम जागेची शिफारस तूर्त मागे घेण्यात येत आहे.

तिनं मूळ पत्र घडी करून मस्तान चपराशाच्या हाती पाठवलं. मस्तान म्हणाला, "अम्मा, इत्ता अच्छा कागज वापस करते क्या?" ती म्हणाली, "ज्याचं त्याला जायलाय, बाबा." कायम जागा दुसऱ्या तालुक्याच्या एका बाईला मिळाली. सावित्रम्माच्या युक्तीनं पुढं बऱ्याच गावांतली लेकरं टोचली गेली असं गुरुपादय्या सांगत. हेमावती चौथी पास होऊन घरी बसली.

चंद्रभागा त्या संध्याकाळनंतर सावित्रम्माशी बोलली नाही. आडावर गाठ पडली तर घागर भरून जायची. मार्गशीर्षात तिला मुलगी झाली. बाळंतविडा घेऊन सावित्रम्मा दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत आली.

मग पुन्हा हंगाम आला. सावित्रम्मा लोटकं काखेत घेऊन गल्लीतून चालली. त्या वर्षी एकाही दारावर खोटा लिंब नव्हता. बाया आपणहून लेकरांचे दंड धुऊन बसल्या होत्या, गंगव्वा सगळ्यांत पुढं. मग सावित्रम्मा आप्पारावच्या घरापाशी आली. तिला वाटलं, दार लावलेलं असेल.

दार उघडं होतं. चंद्रभागा उंबऱ्यात नाही, आत भिंतीशी बसली होती. मांडीवर चार महिन्यांची पोर, कुंची काढलेली, डावा दंड उघडा. तिनं सावित्रम्माकडं बघितलं नाही. पोरीचा दंड तेवढा दोन बोटांत घट्ट धरून पुढं केला.

सावित्रम्मा उंबरा ओलांडून आत आली. लशीचा थेंब ठेवला. तिनं चक्री टेकवली आणि फिरवली. पोर किंचाळली. चंद्रभागेनं डोळे मिटून घेतले, पण बोटं सोडली नाहीत.

"नाव?" सावित्रम्मानं वही उघडून विचारलं.

"ठिवलं न्हाई अजून. फोड उठू दे, मग ठिवू."

चूल जवळच होती. तिच्यावर आमटीचं भांडं उकळत होतं, पांढरट, नुसती वाफ येत होती. सावित्रम्मानं सवयीनं नाक वर केलं. ऐन स्वैपाकाची वेळ होती. दाराला लिंब नव्हता, घरात अम्मा नव्हती, तरी त्या घरात फोडणीचा वास नव्हता.

"आठ दिसांनी येते," ती म्हणाली.

"दार उघडंच असंल," चंद्रभागा म्हणाली.